तार सुटलेलं दही : मानेवाड्यातल्या हिवाळ्याच्या प्रकल्प नोंदी

१२ डिसेंबर

शेजारच्या काकूंची मेस आहे. कॉलेजची मुलं, नोकरीनिमित्त एकटे राहणारे लोक, असे सगळे जेवायला असतात. ताटात रोज वाटीभर दही असतं आणि त्यासाठी दररोज पाच लिटर दूध विरजतात. आज सकाळी त्या दह्याचं भांडं, म्हणजे स्टीलचा गंजच, घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, चार-पाच दिवस झाले, दही तार सोडून राहिलं. फेकू का वाढू, तेवढं सांगा." मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. प्रश्न खरा आहे आणि उत्तर अंदाजाने देण्यासारखं नाही. यातलं कारण शोधायचं आणि काकूंना फेकायचं की वाढायचं हे ठरवता यावं, एवढाच हा प्रकल्प.

आधी दही नीट पाहिलं. वरून गुळगुळीत, चकचकीत. पाणी अजिबात सुटलेलं नाही. चमचा बुडवून हळूच वर घेतला तर त्याच्याबरोबर एकतारी पाकासारखी पारदर्शक तार चार बोटं लांब आली आणि तुटल्यावर परत दह्यात ओघळली. वास स्वच्छ आंबट, थोडासा लोण्याकडे झुकणारा. जिभेवर आंबटपणा ठीक, फक्त स्पर्श बुळबुळीत. आंबटपणा मोजणारी पीएचची पट्टी ४.५ च्या आसपास आली; हा आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. दूध साधारण ४.६ ला घट्ट होतं, म्हणजे आंबण्याचं काम पूर्ण झालेलं आहे. रंग बदललेला नाही, बुरशी नाही, बुडबुडे नाहीत.

चांगलं आंबलेलं, स्वच्छ वासाचं आणि तरी तार धरणारं दही. या तीन गोष्टी एकत्र असल्या की संशय सर्वात आधी विरजणावर जातो. पण काकूंचा संशय दुधावर आहे. गवळ्याने काहीतरी मिसळलं असणार असं त्या ठामपणे म्हणतात. आधी तेच तपासू, म्हणजे विनाकारण कोणाचं नाव खराब होणार नाही.

१३ डिसेंबर

दुधाची तपासणी. सकाळी दूध आलं तेव्हा न उकळलेलं दूध चमच्याने वर घेऊन पाहिलं. धार सरळ पडली, तार नाही, गुठळ्या नाहीत. हे पाहणं महत्त्वाचं, कारण कच्च्याच दुधात गुठळ्या किंवा चिकट तंतू दिसले तर जनावराला कासदाह असू शकतो आणि ते दूध खाण्यात घ्यायचं नसतं. दुसरा प्रकार असा की दूध काढताना ठीक असतं, पण कच्चंच फ्रिजमध्ये बारा तास किंवा जास्त राहिलं की त्याला तार येते. थंडीत वाढणारे काही जिवाणू पाण्यातून किंवा भांड्यांतून दुधात शिरतात, त्यांचं हे काम. म्हणून एक कप कच्चं दूध झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आहे, उद्या बघू.

काकूंच्या मनातली मिसळ म्हणजे पीठ किंवा स्टार्च. तार सुटलेल्या दह्याचा एक चमचा पाण्यात पातळ केला आणि टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. स्टार्च असता तर निळा-काळा रंग आला असता. इथे थेंबाचा पिवळसर तपकिरी रंगच राहिला. शेजारी भाताच्या पेजेचा थेंब ठेवून त्यावरही आयोडीन टाकलं, तो लगेच निळा झाला. काकूंनी दोन्ही बशा पाहिल्या आणि म्हणाल्या, "मग हे चिकट काय हो?"

चिकट आहे ते साखरच, पण आपल्या ओळखीची नाही. दही लावणारे काही जिवाणू दुधातल्या साखरेचे तुकडे घेऊन त्यांची लांबच लांब साखळी विणतात आणि ती आपल्या पेशीबाहेर सोडतात. शास्त्रात तिला एक्झोपॉलिसॅकराइड म्हणतात. ही साखळी पाणी धरून ठेवते, म्हणूनच काकूंच्या दह्याला पाणी सुटलं नाही. साखळ्या दह्याच्या जाळीत अडकतात आणि चमचा उचलला की जाळीबरोबर ताणल्या जातात. तीच आपली तार. ही साखळी आयोडीनने निळी होत नाही. आणि ती विषारी नाही. बाजारातल्या बऱ्याच घट्ट दह्यांमध्ये थोडी साखळी विणणारं विरजण मुद्दाम वापरतात, त्यामुळे पाणी कमी सुटतं आणि वेगळा दाटपणा आणावा लागत नाही. फिनलंडमध्ये तर 'विली' नावाचं दही या तारेसाठीच खातात. तिथे ते सुमारे वीस अंशांच्या थंड खोलीत जवळपास दिवसभर लावतात. हे वीस अंश लक्षात ठेवण्यासारखे आहेत. आत्ता रात्री काकूंच्या ओट्यावर नेमकं तेवढंच तापमान असतं.

१४ डिसेंबर

फ्रिजमधल्या कच्च्या दुधाला तार आली नाही. वासही ठीक. गवळ्यावरचा संशय इथे संपवते. काकूंनाही तसं सांगितलं.

आज त्यांची दही लावण्याची पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्याच स्वयंपाकघरात उभं राहून पाहिली. दूध संध्याकाळी सातला उकळतं. उकळी आली की गॅस बंद. मग गंज ओट्यावर झाकून ठेवतात. मुलांची जेवणं, भांडी, उद्याची भाजी निवडणं हे सगळं झालं की रात्री दहाच्या सुमारास करंगळी बुडवून पाहतात आणि कोमट वाटलं की आदल्या दिवसाच्या दह्यातलं एक डाव विरजण घालतात. विरजण नेहमी त्याच गंजाच्या तळातून काढून ठेवलेलं असतं. मग झाकण लावलेला गंज दगडी ओट्यावर रात्रभर.

रात्री साडेदहाला मी थर्मामीटर धरला. दूध ३४ अंशांवर आलं होतं. दगडी ओटा थंड, खिडकीची जाळी उघडी, खोली २० अंशांवर. सकाळी सहाला काकूंनी माझा थर्मामीटर परत दुधात घातला तेव्हा १९ दाखवत होता. दही अजून लागलेलंही नव्हतं. सकाळी अकराला लागलं आणि तार धरूनच लागलं.

उन्हाळ्यात काय होतं असं विचारलं. "उन्हाळ्यात? चार तासात कवडी दही. उशीर झाला की आंबट होतं, तेवढीच तक्रार. तार कधी पाहिली नाही." नागपूरच्या मे महिन्यात स्वयंपाकघर चाळीसच्या आसपास असतं. म्हणजे याच गंजात, याच हातांनी, तेव्हा एक दही आणि आता वेगळंच दही. बदललं आहे ते तापमान आणि त्यामागोमाग बहुतेक विरजणातली वस्तीही. उद्या हे दोन धागे वेगळे करायचे.

१५ डिसेंबर

आजचा मुख्य प्रयोग. विरजण दोषी की थंडी दोषी, हे एकेक पाहून कळत नाही. दोन्ही बदलून पाहावं लागतं.

एकच दूध घेतलं. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं ठेवलं, मग ४३ अंशांपर्यंत निवू दिलं. उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या चार ग्लासांत प्रत्येकी २०० मिली ओतलं. दोन ग्लासांत काकूंचं तारेचं विरजण, दोन ग्लासांत वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून आणलेलं, ज्यांच्या दह्याला कधीच तार नसते. प्रत्येकात अर्धा छोटा चमचा. मग दोन्ही प्रकारातला एक-एक ग्लास थर्मोकोलच्या खोक्यात, गरम पाण्याच्या बाटलीसोबत. खोक्यातलं तापमान ४२ ते ३९ च्या दरम्यान राहिलं. उरलेले दोन ओट्यावर. आणखी एक ग्लास नुसत्या उकळलेल्या दुधाचा, विरजण न घालता झाकून, तोही ओट्यावर. या पाचव्या ग्लासाची गोष्ट वेगळी आहे, तिच्याबद्दल नंतर लिहीन.

संध्याकाळी पाचला सुरुवात केली. रात्री दहाला खोक्यातले दोन्ही ग्लास लागलेले होते, पीएच ४.५. वहिनींच्या विरजणाचं घट्ट, चमच्याने स्वच्छ कापलं जाणारं. काकूंच्या विरजणाचंही घट्ट, पण चमचा उचलला की जेमतेम बोटभर तार. ओट्यावरचे दोन्ही ग्लास तेव्हा नुसतं दूधच होते.

१६ डिसेंबर

सकाळी आठला ओट्यावरचे ग्लास. काकूंचं विरजण, थंडीत : लागलेलं, सैल, पीएच ४.७, तार चार बोटांच्या वर. वहिनींचं विरजण, थंडीत : अर्धवट, पीएच ५ च्या आसपास, दुपारपर्यंत ४.७ ला पोचलं. सैल आणि मऊ, पण तार नाही.

चार ग्लास शेजारी ठेवल्यावर गोष्ट स्वच्छ दिसते. नुसत्या थंडीने तार येत नाही, नाहीतर वहिनींच्या थंड ग्लासातही आली असती. आणि तार विणणारे जिवाणू विरजणात असले तरी उबेत त्यांचं फारसं चालत नाही. तार दिसायला दोन्ही लागतात : विणणारे जिवाणू हजर हवेत आणि त्यांना सोयीची थंडी हवी.

आपल्या घरच्या विरजणात अनेक प्रकारचे जिवाणू एकत्र नांदतात. स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि काही लॅक्टोबॅसिलस यांना ४० ते ४५ अंशांची ऊब आवडते. लॅक्टोकोकस आणि ल्युकोनोस्टॉक यांना २० ते ३० अंश बरे वाटतात, चाळीशीच्या वर त्यांची वाढ मंदावते किंवा थांबते. तार विणणारे कोणत्याही गटात असू शकतात, पण घरच्या हिवाळी दह्यात बहुतेक वेळा दुसऱ्या गटातले असतात. शिवाय थंडीत ते सावकाश वाढतात आणि साखळी जास्त विणतात.

आता काकूंच्या तळातल्या विरजणाकडे पाहायला हवं. रोजचं दही थंडीत लागतं, म्हणून रोज थंडी आवडणारे जिवाणू थोडे जास्त वाढतात. त्यातलंच विरजण दुसऱ्या दिवशी. मग ते आणखी जास्त. उन्हाळ्यात विरजणाच्या कोपऱ्यात दबून असलेले हे जिवाणू नोव्हेंबरपासून रोज एक पायरी वर चढत गेले आणि डिसेंबरात त्यांचंच राज्य झालं. कोणी काही मिसळलं नाही, काही बिघडवलं नाही. रोज विरजण काढून ठेवणं म्हणजेच रोज निवड करणं आहे, आणि ही निवड रात्रीचा ओटा करत होता.

१७ डिसेंबर

काकूंनी एक शंका काढली. मेसमध्ये काही मुलांना गोडसर दही आवडतं म्हणून त्या विरजतानाच दुधात चिमूट-दोन चिमूट साखर घालतात. शंका रास्त आहे. ल्युकोनोस्टॉक गटातले काही जिवाणू साध्या साखरेपासून डेक्स्ट्रान नावाची चिकट साखळी बनवतात. साखर कारखान्यांत उसाचा रस जास्त वेळ पडून राहिला की त्याला जो बुळबुळीतपणा येतो तो यामुळेच. म्हणून दोन ग्लास लावले, दोन्हीत तारेचं विरजण, एकात साखर, एकात नाही, दोन्ही ओट्यावर. सकाळी तारेत डोळ्याला दिसेल असा फरक नव्हता. इथली तार दुधातल्याच साखरेवर विणली जात होती. तरी काकूंना सांगितलं की साखर वाढताना घाला, विरजताना नको. ज्यांच्या विरजणात ल्युकोनोस्टॉक जास्त आहे त्यांच्याकडे हीच चिमूट भारी पडू शकते.

१९ डिसेंबर

आज पाचव्या ग्लासाबद्दल, कारण फेकायचं की वाढायचं याचं उत्तर त्यातच आहे.

विरजण न घातलेलं उकळलेलं दूध झाकून ओट्यावर होतं. आज उघडलं. खाली चोथा, वर पिवळसर पाणी. चमच्याला थोडीशी तारही. दिसायला कोणी म्हणेल, दही लागलं. पण वास आंबट नाही, कुजकट आणि कडवट आहे. पीएच सहाच्या आसपास. हे दूध आंबलेलंच नाही. उकळीतून वाचणारे बीजाणू असतात, बॅसिलस जातीचे, ते उबदार दुधात उगवतात आणि आंबट न करताच दूध फोडतात. यातला बॅसिलस सेरियस पोट बिघडवतो, उलट्या करवतो. काकूंना ग्लास लांबूनच हुंगायला दिला. त्यांनी मान मागे घेतली.

आता दोन वाट्या शेजारी ठेवल्या. एकीत काकूंचं तारेचं दही, दुसरीत हे. तार दोन्हीकडे आहे. फरक आंबटपणाचा आहे. दह्याची सुरक्षितता तारेवर ठरत नाही, ते किती लवकर आणि किती पुरतं आंबलं यावर ठरते. पीएच ४.६ च्या खाली गेलं की पोट बिघडवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. विरजणातल्या जिवाणूंनी ही मजल लवकर गाठली तर इतरांना जागाच उरत नाही. मजल गाठायला चौदा-पंधरा तास लागले तर मधले तास मोकळे राहतात. म्हणून तारेच्या दह्यात मला खरी काळजी तारेची नाही, तार ज्या संथपणाची खूण आहे त्याची आहे.

काकूंच्या दह्याबद्दल निकाल असा दिला : स्वच्छ आंबट वास, व्यवस्थित आंबट चव, घट्ट लागलेलं, रंग पांढरा. हे खाण्यालायक आहे. मोठ्या निरोगी माणसांना वाढायला हरकत नाही. बुळबुळीत स्पर्श नको असेल तर रवीने घुसळून ताक करावं. घुसळल्याने साखळ्या जाळीपासून तुटतात आणि तार जाते. काकूंनी लगेच घुसळून पाहिलं. ताक थोडं दाट झालं, तार नाही.

फेकायचं केव्हा तेही सांगितलं. वास कुजका, कडवट, दारूसारखा किंवा शेणासारखा आला तर. गुलाबी, केशरी, हिरवा किंवा काळा डाग दिसला तर, अगदी कोपऱ्यात असला तरी सगळं. दही घट्ट दिसतं पण आंबट लागत नाही, तर. दही फुगून आलं, आत भोकं पडली, झाकण उचलताना वायू सुटला आणि सोबत वासही बिघडला, तर. इथे थोडा विवेक लागतो : एखाद-दुसरा बारीक बुडबुडा ल्युकोनोस्टॉकमुळेही येतो आणि तो निरुपद्रवी असतो. पण फुगलेलं, भोकाभोकांचं दही बरेचदा अस्वच्छ पाण्यातून आलेल्या कोलिफॉर्म जिवाणूंचं किंवा यीस्टचं असतं, आणि कोलिफॉर्ममधले काही स्वतःही तार विणतात. तान्ही बाळं, गरोदर बाई, कर्करोगाचे उपचार घेणारं कोणी घरात असेल तर शंका आली तिथेच थांबायचं.

काकूंचा शेवटचा प्रश्न सगळ्या घरांत विचारला जातो : "जरा बिघडलेलं वाटलं तर कढी करून उकळून घेतली तर?" चांगल्या तारेच्या दह्याची कढी जरूर करावी. वास बिघडलेल्या दह्याची नाही. हाताच्या त्वचेवरून येणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरिअसचं विष आणि बॅसिलस सेरियसचं उलटी करवणारं विष, दोन्ही उकळण्याने जात नाहीत. जिवाणू मरतात, विष राहतं. म्हणूनच करंगळी बुडवून ऊब पाहणं बंद करायला सांगितलं. गरम दुधात हात सहन होतो, पण त्याबरोबर नखातलं जे काही आहे ते पाच लिटरात उतरतं.

२२ डिसेंबर

उपाय दोन बाजूंनी करता येतो. एक, जुनंच विरजण उबेत वळवायचं. दोन, विरजण बदलायचं. पहिला करून पाहिला, कारण विरजण टाकायला काकूंचं मन होत नव्हतं. त्यांच्या सासूबाईंच्या हातचं आहे ते.

तारेच्या विरजणातून रोज थर्मोकोलच्या खोक्यात ४२ अंशांना दही लावत गेले आणि रोज त्यातलंच विरजण पुढे नेलं. तार दर वेळी आखूड होत गेली आणि आज चमच्याला काहीच लागलं नाही. यात दोन गोष्टी घडत असाव्यात. उबेत थर्मोफिलस पुढे जातो आणि थंडीवाले मागे पडतात. शिवाय लॅक्टोकोकसमध्ये साखळी विणण्याची माहिती बऱ्याचदा पेशीतल्या एका सुट्या, छोट्या डीएनएच्या कड्यावर असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. जास्त तापमानात वारंवार वाढवलं तर पेशी हे कडं गमावू शकतात आणि पुढच्या पिढ्या तार विसरतात.

२४ डिसेंबर

वळवलेलं विरजण मुद्दाम पुन्हा रात्रभर ओट्यावर लावलं. सकाळी तार नाही असं वाटलं, पण चमचा अगदी हळू उचलल्यावर अर्ध्या बोटाची होती. म्हणजे थंडीवाले गेलेले नाहीत, कोपऱ्यात बसले आहेत. ओटा परत मिळाला की ते परत वर येणार. एका घरासाठी हे चालेल. मेसमध्ये रोज पाच लिटरचा प्रश्न आहे, तिथे विरजण बदलणं जास्त भरवशाचं. सासूबाईंच्या विरजणाचा थोडा भाग काकूंनी फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला. मार्चमध्ये ऊन चढलं की तो पुन्हा उबेत जागा करता येईल.

२७ डिसेंबर

नवं विरजण वहिनींकडचं. ते नसतं तर साध्या, बिनसाखरेच्या ताज्या पाकिटातल्या दह्याचं घेतलं असतं. त्याआधी काकूंच्या स्वयंपाकघरातली जुन्या दह्याची शिल्लक काढली : गंज, झाकण, डाव, विरजणाची वाटी, सगळं घासून त्यावर उकळतं पाणी ओतलं आणि पालथं वाळवलं. विरजण ठेवायचा प्लास्टिकचा डबा ओरखडलेला होता. ओरखड्यांत जुनं दही राहतं आणि उकळतं पाणी तिथवर नीट पोचत नाही, म्हणून तो डबा धान्यासाठी दिला. झाकण पुसायचं फडकंही बदललं.

वेळही बदलली. दूध दुपारी तीनला उकळायचं, उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं, अधूनमधून ढवळत. यामुळे एरवी निवळीत राहणारी दुधातली प्रथिनं उलगडतात आणि दही घट्ट बसतं, हा वेगळा फायदा. मग गंज पाण्याच्या परातीत ठेवून ४३ अंशांपर्यंत निववायचा. साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला आहे. ४३ लाच घालायचं, गरम दुधात घाईने घातलं तर विरजणच होरपळतं आणि वाचलेल्या बीजाणूंना मोकळं रान मिळतं. पाच लिटरला १०० मिली विरजण, म्हणजे एक छोटी वाटी. ते आधी थोड्या दुधात कालवायचं, मग सगळ्यात. गंज जुन्या रजईत गुंडाळून लाकडी पाटावर ठेवायचा, ओट्यावर नाही.

चारला विरजलं. नऊच्या सुमारास लागलेलं होतं, पीएच ४.५, तार नाही. लगेच फ्रिजमध्ये.

५ जानेवारी

थंडी या आठवड्यात चांगलीच वाढली आहे, पहाटे बाहेर हात बधिर होतात. रजईतल्या गंजाचं तापमान पाच तासांनी ३७ निघालं, दही वेळेत लागलं. पाच लिटर दूध एकत्र असल्यामुळे ऊब टिकते. घरच्या अर्ध्या लिटरच्या पातेल्याला नुसती रजई पुरणार नाही, त्याला शेजारी गरम पाण्याची बाटली हवी किंवा आधी तापवून बंद केलेला कुकर हवा.

मेसमधल्या एका मुलाने विचारलं की दही आता "नॉर्मल" कसं झालं. काकूंनीच त्याला दोन वाट्यांची गोष्ट सांगितली, मी ऐकत होते. आंबट वास आणि आंबट चव आधी, तार नंतर, हे त्यांनी बरोबर सांगितलं.

१८ जानेवारी

संक्रांतीच्या सुट्टीत काकू गावी गेल्या होत्या. मेस तीन दिवस बंद, विरजण फ्रिजमध्ये पडून. आल्यावर लावलेलं पहिलं दही सहा तास उलटले तरी लागलं नाही. फ्रिजमध्ये राहिलेलं विरजण आळसावतं, त्यातले जिवाणू कमी होतात. काकूंनी ते वाढलं नाही. त्यातलं विरजण घेऊन लहान वाटीत दूध लावलं, ते उबेत लागल्यावर मग त्यातून पाच लिटर लावलं. तार नाही, पाच तासांत घट्ट. पहिलं दही उशिरा का होईना आंबट झालं होतं, वास चांगला होता, त्याचं ताक त्यांनी घरच्यांसाठी केलं.

यापुढे दर रविवारी नव्या दह्यातले चार-पाच चमचे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचे आणि महिनाभराच्या आत वापरायचे, असं ठरलं आहे. चमचा हळू उचलून पाहायची चाचणी काकू रोज सकाळी करतात. तार बोटभर दिसली की त्या दिवशीचं दही ताकाला आणि विरजण ट्रेमधून नवं.

थर्मामीटरचं टोक वाकलं आहे, नवा आणायचा आहे.